निवृत्त भागीदाराचे देणे किती?

समजा, तीन समान भागीदारांच्या दुकानातून एक जण निवृत्त होतो आहे. वहीत त्याचे भांडवल 5 लाख. पण 6 लाखांना नोंदलेला गाळा आज 9 लाखांचा आहे आणि 30 हजारांची उधारी बुडाली आहे. पुनर्मूल्यांकन खात्यावर निव्वळ नफा 2 लाख 70 हजार. त्यातले 90 हजार त्याचे.

नावलौकिकाची किंमत 3 लाख ठरली, तर त्याचा 1 लाख उरलेले दोघे निम्मा-निम्मा सोसतात, कारण त्याचा हिस्सा त्यांच्याकडेच जातो. एकूण देणे 6 लाख 90 हजार.

रोकड नसेल तर ही रक्कम त्याच्या कर्जखात्यावर जाते. हिशेब न चुकवता धंदा चालू राहिला आणि वेगळा करार नसेल, तर 1932 च्या भागीदारी कायद्याचे कलम 37 त्याला निवड देते: त्याच्या पैशातून झालेल्या नफ्याचा वाटा किंवा 6 टक्के व्याज.