भारतातला नंबर, परदेशातला मुक्काम

म्युनिक, दुबई किंवा टोरांटोत राहणाऱ्या मराठी माणसाच्या फोनमध्ये सहसा दोन सिम असतात. एक तिथलं, रोजच्या बोलण्याचं. दुसरं भारतातलं, त्यावर कोणी फोन करत नाही, पण बँकेचा ओटीपी येतो तो त्यावरच. एफडी मोडायची, सोसायटीचा मेंटेनन्स भरायचा, आधारने रिटर्न व्हेरिफाय करायचं, प्रत्येक ठिकाणी तो सहा आकडी कोड लागतो. म्हणून हे सिम जिवंत ठेवायचं असतं. ते कसं ठेवायचं याबद्दल मात्र घरोघरी वेगळी समजूत असते, आणि बहुतेक समजुती अर्ध्याच खऱ्या असतात.

सगळा गोंधळ होतो तो दोन वेगळ्या मुदती एकच समजल्याने. पहिली मुदत रिचार्जची. प्रीपेडचा पॅक संपला की आधी आउटगोइंग बंद होतं आणि काही दिवसांत इनकमिंगही. ओटीपी हाही इनकमिंग मेसेजच, त्यामुळे तोही थांबतो. दुसरी मुदत नंबरच्या मालकीची. ट्रायने २०१३ मध्ये केलेल्या नियमाप्रमाणे, वापर नाही म्हणून कंपनीला प्रीपेड नंबर ९० दिवसांच्या आत काढून घेता येत नाही. त्यानंतरही मेन बॅलन्समध्ये किमान २० रुपये असतील, तर ते कापून मुदत ३० दिवसांनी वाढते, आणि बॅलन्स पुरेल तोवर अशीच वाढत राहते. नंबर बंद झाल्यावरही तो परत सुरू करून घ्यायला १५ दिवसांची सवलत आहे.

‘२० रुपयांत सिम चालू राहतं’ ही बातमी जानेवारी २०२५ मध्ये नवीन नियम म्हणून पुन्हा फिरली, ती या जुन्या नियमावरूनच. वीस रुपयांत नंबर तुमच्या नावावर राहतो. ओटीपी येण्याची हमी त्यात नाही.

एक उदाहरण घेऊ. समजा, सांगलीची एक इंजिनिअर जूनमध्ये जर्मनीला निघाली. १० जूनला तिने ८४ दिवसांचा पॅक मारला. तो १ सप्टेंबरला संपेल. नव्या नोकरीच्या धावपळीत तिच्या ते लक्षात आलं नाही. सप्टेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात कधीतरी ओटीपी यायचे थांबतील, पण तिला ते कळणार नाही, कारण त्या दिवसांत तिला ओटीपी लागलेलाच नाही. शेवटचा वापर १ सप्टेंबरचा धरला तर ९० दिवस ३० नोव्हेंबरला भरतात. बॅलन्समध्ये २० रुपये असतील तर ३० डिसेंबरपर्यंत सरकतात. पुढच्या १५ दिवसांत, म्हणजे जानेवारीच्या मध्यापर्यंत, तिने हालचाल केली तर नंबर वाचतो. नाही केली तर गेला.

यात एक बारीक फट आहे. २० रुपयांचा टॉपअप मारला की बॅलन्समध्ये साधारण १४ रुपये ९५ पैसेच जमा होतात, बाकी कर आणि शुल्कात जातात. म्हणजे वीसची अट वीसच्या टॉपअपने पुरी होत नाही. पन्नासचा मारला तर ३९ रुपयांच्या आसपास पडतात.

‘वापर’ कशाला म्हणायचं हेही पाहून ठेवायला हवं. आलेला किंवा केलेला कॉल, पाठवलेला मेसेज, डेटा, हे वापरात धरलं जातं. नुसते ओटीपी येत राहिले म्हणजे वापर झाला असं धरून चालू नये. दोन महिन्यांतून एकदा त्या सिमवरून एक मेसेज पाठवावा. रोमिंगमध्ये त्याचे पैसे पडतात, तेवढा बॅलन्स ठेवावा.

आता गेलेल्या नंबरचं काय होतं ते पाहा. बंद केलेला नंबर कंपनी किमान ९० दिवस कोणालाही देत नाही, त्यानंतर देऊ शकते. मग तुमच्या खात्याचे कोड कुणा अनोळखी माणसाच्या फोनवर जाऊ लागतात. ते टाळण्यासाठी दूरसंचार विभागाकडून बंद नंबरांची यादी निघते, आणि जानेवारी २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना ती वापरून आपल्या नोंदी साफ करायला सांगितलं. यूपीआयसाठीही अशीच तपासणी होते. हे चांगलंच आहे, पण परदेशातल्या माणसाला त्याची झळ अशी बसते की नंबर गेल्यावर बँक तो नंबर आपल्या नोंदीतूनही काढून टाकते, आणि नवा नोंदवायला पुन्हा कागदपत्रं, कधी शाखेतली हजेरी.

सिम चालू ठेवायला लागणारी तयारी भारतातच उरकावी. इंटरनॅशनल रोमिंगची सेवा निघण्यापूर्वी सुरू करून घ्यावी. रोमिंगमध्ये आलेला मेसेज सहसा फुकट असतो, पण सेवाच बंद असेल तर तो येत नाही. परदेशात डेटा रोमिंग बंदच ठेवावं, त्याने ओटीपी अडत नाही. अनोळखी कॉल मात्र उचलू नये, इनकमिंगलाही मिनिटामागे पैसे लागतात. ई-सिम करायचं असेल तर आठवडाभर आधी करावं. सिम बदललं की सुरक्षेसाठी मेसेज २४ तास बंद राहतात, आणि ते विमानतळावर कळलं तर काही उपयोग नसतो.

रिचार्जसाठी वर्षभराचा पॅक बरा. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने डेटाशिवाय फक्त कॉल आणि मेसेजचे पॅक देणं कंपन्यांना बंधनकारक केलं, आणि त्यांची मुदत ३६५ दिवसांपर्यंत असू शकते. परदेशी सिम वापरणाऱ्याला भारतीय डेटा हवाच कशाला? रिचार्ज भारतातल्या भावाने किंवा आईने केलेला उत्तम, कारण तुमच्या खात्यातून करायला जावं तर तिथेही ओटीपीच मागतात.

पोस्टपेडवाल्यांना ‘सेफ कस्टडी’ सुचवली जाते. त्यात थोड्या पैशांत नंबर राखून ठेवतात, पण सेवा गोठवतात. म्हणजे नंबर तुमचा, कोड मात्र येणार नाहीत. बँकेसाठी नंबर हवा असेल तर ही सोय कामाची नाही. सिम आईच्या फोनमध्ये ठेवून ती ओटीपी वाचून दाखवते, ही पद्धतही मला पसंत नाही. ओटीपी कोणालाही सांगू नका असं बँक सांगते, आणि आईला तो सांगायची सवय लागली की उद्या ‘बँकेतून बोलतोय’ म्हणणाऱ्यालाही ती सांगू शकते.

ओटीपी येत नसेल तर भारतातल्या कोणाला तरी त्या नंबरवर फोन लावायला सांगा. तुमचा फोन वाजला तर नंबर ठीक आहे. सेटिंगमध्ये जाऊन दुसरं नेटवर्क हाताने निवडून पाहा. इनकमिंग बंद असल्याची टेप लागली तर रिचार्ज करा. नंबर अस्तित्वात नाही असं ऐकू आलं तर त्याच दिवशी कंपनीशी बोला, ते १५ दिवस अजून शिल्लक असू शकतात. पलीकडून अनोळखी माणूस ‘हॅलो’ म्हणाला, तर आधी बँकेला कळवा.

बँकेपुरतं हे ओझं हलकंही करता येतं. परदेशी राहायला गेल्यावर बचत खातं एनआरओ करावंच लागतं. त्याच अर्जात परदेशी नंबर आणि ईमेल द्यावा, अनेक बँका त्यांवर कोड पाठवतात. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, सिंगापूर, अमिरातींसारख्या देशांतल्या नंबरांवर एनआरई आणि एनआरओ खात्यांसाठी यूपीआयलाही २०२३ पासून परवानगी आहे. आधारचं मात्र तसं नाही. तिथे परदेशी नंबरवर ओटीपी येत नाही, तेव्हा बाकी सगळं हलवलं तरी आधारला जोडलेला भारतीय नंबर सोडू नका.