इर्शाळवाडीत नाश्ता, पाणी आणि वाटाड्या? ट्रेकची जुनी माहिती ओळखायची कशी?

‘चौकहून निघा. तासा-दीड तासात इर्शाळवाडी लागते. तिथे चहा-नाश्ता करा, बाटल्या भरून घ्या, वाटाड्या हवा असेल तर वाडीत विचारा.’ इर्शाळगडाच्या ट्रेकबद्दल जुन्या ब्लॉगवर साधारण अशा आशयाचं वर्णन वाचायला मिळतं. लिहिलं तेव्हा ते बरोबर होतं. आज ही वाडी तिथे नाही.

१९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातल्या खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी दरडीखाली गाडली गेली. २७ मृतदेह सापडले आणि ५७ जण बेपत्ता राहिले. चार दिवसांनी शोधकार्य थांबवण्यात आलं. वाचलेल्यांचं पुनर्वसन खाली, चौक परिसरात झालं. गड मात्र आहे तिथेच आहे आणि ‘इर्शाळगड ट्रेक’ शोधल्यावर जुनी वर्णनंही समोर येतात.

एक वाडी गेली, तर मार्गवर्णनातलं काय काय जातं?

‘तिथे आता नाश्ता मिळत नाही’ एवढ्यावर हे थांबत नाही. त्या वर्णनात वाडी एकाच वेळी अनेक कामं करत होती. वाट बरोबर आहे का, हे कळण्याची ती खूण होती. पाणी तिथे मिळायचं. पुढची वाट दाखवणारा माणूस तिथला असायचा. पाय मुरगळला किंवा अंधार पडला, तर मदत आणि आसराही तिथेच होता.

म्हणून कोणतंही मार्गवर्णन वाचताना त्यातले असे ‘आधार’ वेगळे काढावेत. वाडी, पाण्याचं टाकं, शिडी, रेलिंग, ओढ्यावरचा साकव, शेवटची एसटी, ‘उजवीकडचं मोठं झाड’. प्रत्येकापुढे एकच प्रश्न लिहायचा: हे शेवटचं कोणी आणि कधी पाहिलं? सुळक्याची जागा बदलत नाही, पण त्याच्याकडे नेणारी वाट या छोट्या आधारांवर उभी असते आणि तेच आधी बदलतात.

लेखावर ताजी तारीख आहे, मग अडचण काय?

पानावरची ‘अपडेटेड’ तारीख फसवी असू शकते. एखादा फोटो किंवा शब्द बदलला तरी ती बदलते. लेखक त्या वाटेने पुन्हा चालून आला, असा तिचा अर्थ होत नाही. त्यामुळे चालण्याची तारीख मजकुरातूनच शोधावी लागते.

पावसाळी बंदीचा उल्लेख असेल, तर तो एक धागा ठरतो. जिल्हाधिकारी अशा ठिकाणी जमावबंदीचे किंवा प्रवेशबंदीचे आदेश काढतात. ३० जून २०२४ पर्यंत ते फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली निघायचे. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतात. ‘यंदा १४४ लागू आहे’ असं लिहिलेली ओळ बहुधा त्याआधीची असते.

असा आदेश एका वेळी साधारण दोन महिन्यांपर्यंतच लागू राहतो. मुदत वाढवायची असेल, तर राज्य सरकारला वेगळा आदेश काढावा लागतो. म्हणजे गेल्या पावसाळ्यातली बंदीची बातमी यंदा लागू होत नाही, आणि ‘बंदी उठली’ ही जुनी बातमीही यंदा कामाची नाही. वनखात्याच्या हद्दीतली प्रवेशबंदी याहून वेगळी असते, ती स्वतंत्रपणे विचारावी लागते.

जीपीएक्स फाइलमधून काय कळतं?

अनेक ब्लॉग मार्गाची जीपीएक्स फाइल देतात. बहुतेक जण ती थेट मोबाइलमधल्या नकाशात टाकतात. त्याआधी ती नोटपॅडसारख्या साध्या अॅपमध्ये उघडून पाहावी. चालताना नोंदवलेल्या फाइलमध्ये प्रत्येक बिंदूसोबत वेळ असते. समजा, पहिल्या आणि शेवटच्या बिंदूवर अशी नोंद आहे:

```
<time>2019-12-08T01:10:00Z</time>
<time>2019-12-08T07:40:00Z</time>
```

शेवटचा Z म्हणजे ही जागतिक प्रमाणवेळ आहे. त्यात साडेपाच तास मिळवले की भारतीय वेळ मिळते. हा माणूस ८ डिसेंबर २०१९ ला सकाळी ६:४० ला निघाला आणि दुपारी १:१० ला परतला.

एवढ्यावरून तीन गोष्टी कळतात. ही नोंद दरडीच्या आधीची आहे. ती कोरड्या दिवसांतली आहे, म्हणून जुलैत निसरड्या कातळावर किंवा भरलेल्या ओढ्यात काय होतं, हे तिच्यात नाही. आणि जाऊन-येऊन साडेसहा तास लागले. लेखात ‘फक्त दोन तासांचा ट्रेक’ म्हटलं असेल, तर तो आकडा बहुधा नुसत्या चढाईचा आहे. तो खरा मानून कोणी साडेअकराला निघालं, तर त्याच वेगाने परतताना संध्याकाळचे सहा वाजतील. डिसेंबरात इथे सूर्य साधारण त्याच वेळी मावळतो.

फाइलमध्ये वेळ अजिबात नसेल, तर मार्ग घरबसल्या नकाशावर आखलेला असू शकतो. नोंद करणाऱ्याने किंवा अॅपने वेळ काढून टाकलेली असणंही शक्य आहे. दोन्ही बाबतींत ती फाइल चाललेल्या वाटेचा पुरावा म्हणून धरू नये.

जे लिहिलेलं नाही, ते कसं पकडायचं?

चुकीची ओळ निदान डोळ्यांना दिसते. न लिहिलेली ओळ लक्षातच येत नाही. त्यासाठी वर्णनात ‘कुठे थांबायचं’ हे आहे का, ते आधी पाहावं. इर्शाळगडावर बहुतेक ट्रेकर सुळक्याच्या पायथ्याशी किंवा नेढ्यापर्यंत जातात. त्यापुढे माथ्यावर जाणं म्हणजे दोर आणि तंत्र लागणारं प्रस्तरारोहण आहे. ‘गड सर केला’ असं लिहून हा फरक न सांगणारा लेख नवख्याला चुकीच्या कातळावर चढवू शकतो.

दुसरी जागा उतरणीची. चढाईचं रसभरीत वर्णन आणि शेवटी ‘त्याच वाटेने खाली आलो’ एवढंच असेल, तर सावध व्हावं. खाली उतरताना पाऊलवाटांचे फाटे वेगळे दिसतात. पाऊस किंवा धुकं आलं तर कुठून मागे फिरायचं, शेवटचं भरवशाचं पाणी कुठे आणि मोबाइलला रेंज कुठपर्यंत, या तीन गोष्टी नसतील तर ते वर्णन अर्धवट आहे. ‘सोपा ट्रेक’ हे या माहितीला उत्तर नाही. तो कोणासाठी आणि कोणत्या महिन्यात सोपा, हे सांगावं लागतं.

मग खात्री कुठे करायची?

पायथ्याच्या गावात निघण्याआधी फोन करावा किंवा पोचल्यावर विचारावं. ‘वाट चालू आहे का?’ एवढं विचारलं की उत्तर बहुतेक वेळा ‘हो’ येतं. ‘या आठवड्यात वर कोणी गेलं होतं का? पाणी कुठे आहे? ओढा केव्हा अडवतो?’ असं विचारलं, तर नेमकं उत्तर मिळतं. बंदीबद्दल तहसील किंवा वनखात्याचं कार्यालय आणि जवळचं पोलीस ठाणं सांगू शकतं. संकटात ११२ वर फोन करता येतो. महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर ही संस्था ट्रेकर्सच्या बचावासाठी स्थानिक पथकांशी समन्वय करते.

या पडताळणीलाही मर्यादा आहे. इर्शाळवाडी सरकारच्या दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. म्हणजे ताजा लेख, यादीत नाव नसणं आणि बंदी नसणं, या तिन्ही गोष्टी असूनही मुसळधार पावसात तो डोंगर सुरक्षित ठरत नाही. हवामान विभागाचा रेड किंवा ऑरेंज अलर्ट असेल, त्या दिवशी कितीही चांगलं मार्गवर्णन हाती असलं तरी घाटातला ट्रेक पुढे ढकलावा.