गाडी दुकानाच्या नावावर, तरी क्रेडिट नाही

वडिलांचा छापखाना मुलगा किंवा मुलगी हाती घेते, तेव्हा जीएसटीचे कामही ओघाने त्यांच्याकडेच येते. नेमका इथेच एक घोटाळा होतो. पोर्टलवरच्या GSTR-2B मध्ये खरेदीचा जो कर दिसतो, तो सगळा आपला क्रेडिट आहे असे वाटते. पण विकणाऱ्याने बिल भरले की ते या तक्त्यात आपोआप येते. ती वस्तू तुम्ही कशासाठी घेतली, हे तक्त्याला कळत नाही. ते तुम्हीच ठरवायचे असते.

समजा, बडोद्यातल्या अशाच एका छापखान्याने दिवाळीच्या महिन्यात चार खरेद्या केल्या. कागद आणि शाईवर 36,000 रुपये कर लागला. माल पोचवण्याच्या पाच लाखांच्या टेम्पोवर 90,000, सहा लाखांच्या छोट्या कारवर 1,08,000 आणि गिऱ्हाइकांना भेट दिलेल्या मिठाईवर 1,000. एकूण 2,35,000.

कागद-शाई धंद्यातच खपते, म्हणून तिचे क्रेडिट मिळते. टेम्पो माल वाहतो, त्याचेही मिळते. कारचे मात्र नाही. चालकासह तेरापर्यंत आसनांच्या प्रवासी गाडीवरचे क्रेडिट कायद्याच्या कलम 17(5) ने अडवले आहे. बिल छापखान्याच्या नावावर असले आणि गाडी रोज कामासाठी फिरत असली, तरी फरक पडत नाही. गाड्या विकणे, भाड्याने प्रवासी नेणे किंवा ड्रायव्हिंग शिकवणे हाच धंदा असेल, तर मात्र सूट आहे. कारचे क्रेडिट अडले की तिच्या विम्याचे आणि दुरुस्तीचेही अडते. भेटीची मिठाईही त्याच कलमात अडकते.

म्हणजे खरे क्रेडिट 1,26,000. छपाईच्या विक्रीवर 2,00,000 कर देणे असेल, तर 74,000 रोख भरावे लागतील. सगळे क्रेडिट धरले तर देणे शून्य दिसते आणि 35,000 शिल्लकही उरतात. पण चूक वर्षाने उघडी पडली, तर घेतलेले 1,09,000 परत करावे लागतात. शिवाय त्यातून वापरले गेलेले 74,000 वर्षाला 18 टक्के दराने 13,320 रुपये व्याज ओढतात. दंड निघाला तर तो वेगळा.

म्हणून GSTR-3B भरताना 4(A) मध्ये पूर्ण 2,35,000 दाखवा आणि 4(B)(1) मध्ये 1,09,000 वजा करा. आकडे GSTR-2B शी जुळतात आणि हिशेबही खरा राहतो.

कारवरचे 1,08,000 अगदीच वाया जात नाहीत. ते कारच्या किमतीत मिळवून आयकरात 7,08,000 वर घसारा घेता येतो. मात्र टेम्पोच्या कराचे क्रेडिट घेतले असेल, तर त्या 90,000 वर घसारा धरू नका. एकाच कराचा फायदा दोनदा मिळत नाही.