सोन्याची ठुशी, फोटोत चांदीची

गळ्यातल्या सोन्याच्या ठुशीचा फोटो आहे आणि ती चांदीची दिसायला हवी. फोटोशॉपमध्ये पिवळा रंग सरसकट उतरवला, तर गळा आणि हनुवटीही फिकट पडतात, कारण कातडीचा रंग सोन्याच्या अगदी जवळचा असतो. म्हणून आधी फक्त ठुशीचा मास्क करायचा. मण्यांच्या कडा जेमतेम एक पिक्सेल मऊ ठेवायच्या आणि मधला लाल खडा बाहेर ठेवायचा.

आता रंग नुसता काढून टाकला, तर चांदीऐवजी काळपट शिसे दिसते. सोने निळा प्रकाश शोषते, लाल मात्र जवळजवळ चांदीइतकाच परत पाठवते. त्यामुळे फोटोच्या लाल चॅनेलमध्ये ठुशी आधीच चांदीसारखी उजळ असते. Channel Mixer चा थर घेऊन Monochrome निवडायचे, Red 100 आणि बाकी दोन्ही शून्य ठेवायचे. मण्यांवरची चमक आणि सावल्या जागच्या जागी राहतात. चमकीचे ठिपके सपाट पांढरे झाले, तर थोडा उजेड कमी करायचा.

खरी चांदी आसपासचे रंगही दाखवते. म्हणून थराची अपारदर्शकता साधारण ८५ टक्क्यांवर आणावी, म्हणजे मण्यांत कातडीची किंचित ऊब उरते. शेवटी ठुशीखालची त्वचा पाहावी. सोन्यावरून परतलेली पिवळी झाक तिथे राहिली, तर डोळ्याला काहीतरी खटकत राहते. तेवढ्याच जागी पिवळेपणा हलक्या ब्रशने कमी करावा, गळ्याच्या मूळ रंगाशी जुळेल इतकाच.