सात आणि बारा, पण एकोणीस नाही

यवतमाळ जिल्ह्यात कापूस वेचणी आणि तुरीची सोंगणी चालू असते, त्याच दिवसांत घराघरांत शिष्यवृत्तीच्या जुन्या प्रश्नपत्रिका बाहेर निघतात. त्यातली कुठली घ्यायची, हे आधी बघावं लागतं. पुण्याच्या महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची ही परीक्षा पूर्वी चौथीत होती, 2017 पासून पाचवीत गेली आणि आता पुन्हा चौथीकडे वळली आहे. त्यामुळे मधल्या वर्षांची पत्रिका चौथीच्या मुलापुढे जशीच्या तशी ठेवली, तर न शिकवलेलं गणित पाहून ते बिचकतं. असे प्रश्न पालकांनी आधीच पेन्सिलीने खोडावेत. उत्तरसूचीही अंतिमच घ्यावी. अंतरिम सूचीवर आक्षेप येतात, काही उत्तरं बदलतात, आणि मुलाचं बरोबर उत्तर घरी चूक ठरतं.

पाचवीच्या एका पेपरात 75 प्रश्न आणि 90 मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला 72 सेकंद. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला हा वेग पहिल्या दिवशी झेपत नाही. सुरुवातीला घड्याळ बाजूला ठेवून एकाच विषयाचे पंधरा प्रश्न पुरेत. पूर्ण पेपर फार तर रविवारी सकाळी, पोट भरलेलं असताना.

खरं काम तपासताना असतं. बुद्धिमत्ता चाचणीत नेहमी दिसणाऱ्या धाटणीचा एक प्रश्न घेऊ: रांगेत मीना डावीकडून सातवी आणि उजवीकडून बारावी आहे, तर रांगेत एकूण मुली किती? मुलगी 19 या पर्यायाचं वर्तुळ रंगवते. इथे "चुकलं" म्हणण्याआधी आईने विचारावं, "हे कसं काढलं, सांग बरं." मुलगी सांगते, सात आणि बारा मिळवले. मग घरातलेच तुरीचे दाणे घ्यावेत. सहा दाण्यांची रांग मांडून डावीकडून तिसरा दाणा दाखवावा. तोच उजवीकडून चौथा. तीन आणि चार सात होतात, दाणे मात्र सहाच. एक दाणा दोनदा मोजला गेला, हे मुलीला स्वतःच दिसतं. मग 18 हे उत्तर तीच काढते.

सगळ्या चुका अशा नसतात. एका ठिकाणापासून सलग उत्तरं चुकली असतील, तर पत्रिकेत सोडलेल्या प्रश्नाचं वर्तुळ उत्तरपत्रिकेत सोडायचं राहिलं का, ते बघावं. तसं झालं की पुढचं सगळं एक घर सरकतं. शेवटच्या वीस प्रश्नांना एकच पर्याय रंगवलेला दिसला, तर मूल थकलं होतं किंवा वेळ संपत आली होती. त्यावर आणखी एक पेपर लादू नये, पुढच्या वेळी प्रश्न कमी द्यावेत.

गुण वहीच्या मागच्या पानावर लिहिले तरी चालतील, पण पाहुण्यांपुढे आणि शेजारच्या मुलाशी तुलना करताना ते काढू नयेत. महिन्याभराने तोच रांगेचा प्रश्न आकडे बदलून द्यावा. मुलीचा हात दाण्यांकडे न जाता सरळ कच्च्या कामाच्या कागदावर गेला, तर तो प्रकार सरावातून काढून टाकावा.