‘प्लीज’चा अनुवाद : घरातील बोलणे

पिंपरी-चिंचवड परिसरात वावरताना ‘कृपया’ हा शब्द ठिकठिकाणी भेटतो. सोसायटीच्या लिफ्टमध्ये ‘कृपया दार बंद करावे’ अशी पाटी असते. चाकणच्या कारखान्याच्या फाटकावर ओळखपत्र दाखवण्याची सूचनाही ‘कृपया’ने सुरू होते. मात्र त्याच लिफ्टमधून घरी पोचलेला माणूस बायकोला किंवा आईला ‘कृपया पाणी दे’ असे म्हणत नाही. म्हटलेच, तर ती चमकून पाहील. काही बिनसले आहे का, असे विचारील.

‘कृपया’ हे संस्कृत ‘कृपा’ या शब्दाचे तृतीयेचे एकवचन आहे. त्याचा अर्थच ‘कृपेने’ असा असल्यामुळे ‘कृपया करून’ ही रचना चुकीची ठरते; ‘कृपा करून’ म्हणावे. हा शब्द अनोळखी समुदायाला उद्देशून येतो आणि ‘करा’, ‘करावे’ अशा आदरार्थी रूपांशी जुळतो. ‘दे’, ‘आण’ या एकेरी रूपांशी त्याचे जमत नाही. घरात तो खटकतो, त्याचे कारण हे.

मग घरात विनंती होते कशी? मराठीत ती बहुतांशी क्रियापदात असते. ‘मीठ दे’, ‘मीठ दे ना’, ‘मीठ देतेस का’, ‘मीठ देशील का’ ही रूपे क्रमाक्रमाने ऐकणाऱ्याला नकाराची अधिक मोकळीक देतात. जोडीला ‘जरा’ आणि ‘तेवढं’ हे शब्द येतात. ‘तेवढं दार लाव’ यातील ‘तेवढं’ काम लहान करून दाखवते. मागणे थोडेच आहे, असे सुचवते. तरीही या शब्दांना ‘प्लीज’चे ठरलेले प्रतिशब्द मानू नका. ‘जरा गप्प बस’ यातील ‘जरा’त सौजन्य नाही, वैताग आहे.

आता एक प्रसंग अनुवादासाठी घेऊ. इंग्रजी कथेत जेवणाच्या टेबलावर मुलगा म्हणतो, ‘मम, कुड यू पास मी द सॉल्ट, प्लीज?’ आई मीठ पुढे करते. तो म्हणतो, ‘थँक यू.’ शब्दाला शब्द ठेवणारा विद्यार्थी लिहितो : ‘आई, कृपया तू मला मीठ देऊ शकशील का?’ ‘धन्यवाद.’ व्याकरण निर्दोष आहे; पण हा मुलगा आईवर रुसला आहे, असे मराठी वाचकाला वाटेल. मूळ कथेत तर काहीच घडलेले नाही. म्हणून ‘आई, मीठ दे ना जरा’ एवढेच लिहावे आणि ‘थँक यू’ गाळावे. फार तर ‘हं’ म्हणू द्यावे.

खरी अडचण पुढे आहे. हेच वाक्य नवरा बायकोला म्हणत असेल तर? इंग्रजीत ‘प्लीज’ दोघांच्या तोंडी सारखेच असते. मराठीत तसे करता येत नाही. अनेक घरांत तो ‘मीठ दे गं’ म्हणतो आणि ती ‘अहो, मीठ देता का जरा?’ म्हणते. सून सासूला ‘देता का’ विचारते, सासू सुनेला ‘दे’ सांगते. मूळ लेखकाने न सांगितलेली उतरंड अनुवादकाला ठरवावीच लागते. माझ्या मते, पात्रे एकमेकांना ‘अरे-तुरे’ करतात की नाही, हे पहिल्या पानापूर्वीच पक्के करावे. निम्मी वाट चालल्यावर ते बदलले, तर नाते बदलल्याचा भास होतो.

‘प्लीज’च ठेवला तर? आपल्याकडील मुलांच्या तोंडी तो रुळला आहे, पण अर्थ बदलून. ‘आई, प्लीज ना, पाचच मिनिटं!’ ही साधी विनंती नाही, विनवणी आहे. चाळीस वर्षांच्या पात्राच्या तोंडी दर वाक्याला ‘प्लीज’ ठेवला, तर तो हट्टी पोरासारखा गयावया करताना दिसेल.

‘थँक यू’ मात्र नेहमीच गाळता येत नाही. धाकट्या बहिणीच्या शिक्षणाचा खर्च भावाने केला आणि ती मनापासून ‘थँक यू’ म्हणाली, तर ते मराठीत यायलाच हवे. पण ‘मी तुझी आभारी आहे’ हे वाक्य भावाला परका करते. ‘आपल्या माणसाचे आभार कसले?’ असे तोही म्हणेल. अशा वेळी कृतज्ञता केलेल्या कामाच्या उल्लेखातून व्यक्त होते : ‘दादा, तू होतास म्हणून शिकले.’ वडीलधारी मंडळी तर आभाराच्या जागी आशीर्वाद देतात. आजीला पाण्याचा तांब्या नेऊन दिला, की ती ‘सुखी राहा’ म्हणते. इंग्रजी आजीच्या ‘थँक यू, डिअर’चा तोच अनुवाद.

याउलट, भांडणानंतरचा कोरडा ‘थँक यू’ असेल, तर मराठीची औपचारिक रूपे नेमकी उपयोगी पडतात. एरवी ‘अरे’ म्हणणारी आई मुलाला ‘आपण जेवून घ्यावं’ म्हणाली आणि त्याने ‘आभारी आहे’ असे उत्तर दिले, की त्या घरातील अबोला वेगळा सांगावा लागत नाही.