दहाव्या पेटीचा हिशेब

एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यात पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांमध्ये एक दृश्य हमखास दिसतं. सकाळी टेम्पो येतो, वॉचमन फाटक उघडतो आणि पार्किंगमध्ये हापूसच्या पेट्यांची थप्पी लागते. कोकणातल्या एखाद्या बागायतदाराकडे कुणीतरी एकाने आपल्या नावाने, आपल्या मोबाइलवरून ऑर्डर दिलेली असते आणि पैसेही त्यानेच भरलेले असतात. पेट्या दहा असल्या तरी बिल एकच. त्या एका बिलाची पाच घरांत वाटणी करायची असते, आणि खरी परीक्षा तिथेच असते. आंबे गोड निघाले तरी हिशेबावरून आलेला कडवटपणा पुढच्या गणेशोत्सवाच्या वर्गणीपर्यंत टिकल्याची उदाहरणं प्रत्येक सोसायटीत सापडतात.

हा हिशेब नेमका कुठे अडतो ते कळावं म्हणून एक उदाहरण घेऊ. आकडे समजायला सोपे पडतील असे घेतले आहेत. व्यवहार मात्र नेहमीचाच आहे. मोठ्या फळाची चार डझनांची पेटी ४,००० रुपयांना आणि मध्यम फळाची पाच डझनांची पेटी ३,५०० रुपयांना. एकाच पत्त्यावर दहा किंवा जास्त पेट्या घेतल्या तर बिलावर दहा टक्के सूट. टेम्पोचे १,००० रुपये वेगळे. एकशे एक नंबरने मोठ्या फळाच्या तीन पेट्या सांगितल्या, दोनशे तीनने मध्यम फळाच्या तीन, तीनशे दोनने मध्यमच्या दोन, चारशे चारने मोठ्या फळाची एक आणि पाचशे एकने मध्यमची एक. दहा पेट्यांचे ३७,००० रुपये झाले. त्यातून ३,७०० रुपयांची सूट वजा झाली आणि आंब्यांचे ३३,३०० रुपये राहिले.

बिलावर सूट एकाच ओळीत लिहिलेली असते, म्हणून ‘३,७०० भागिले पाच’ हा पहिला मोह. घरटी ७४० रुपये. ऐकायला सरळ वाटतं, पण पाचशे एकने अवघ्या ३,५०० रुपयांचा माल घेतलाय. त्यांना २१ टक्के सूट मिळते. बारा हजारांची खरेदी करणाऱ्या एकशे एकच्या वाट्याला जेमतेम सहा टक्के येते. सूट मालाच्या किमतीवर मिळाली आहे, तेव्हा ती किमतीच्याच प्रमाणात वाटायला हवी. एकशे एकला १,२००, दोनशे तीनला १,०५०, तीनशे दोनला ७००, चारशे चारला ४०० आणि पाचशे एकला ३५०. ऑनलाइन खरेदीत ‘दहा हजारांवर दीड हजार कमी’ अशी ठरावीक रकमेची कूपनं असतात, त्यांनाही हाच नियम लागतो. सूट एकूण रकमेच्या किती टक्के आहे ते काढायचं आणि प्रत्येकाच्या मालाला तेवढेच टक्के लावायचे.

टेम्पोच्या भाड्याला मात्र हे गणित लावून चालत नाही. आतली फळं मोठी आहेत की मध्यम, याच्याशी टेम्पोवाल्याला काही देणंघेणं नसतं. पेटी तेवढीच जागा अडवते आणि उचलायला तेवढीच जड असते. म्हणून भाडं पेटीमागे शंभर रुपये. एकशे एक आणि दोनशे तीन यांच्या बिलात दीड हजारांचा फरक असला तरी भाड्याचे तीनशे दोघांनीही द्यायचे. समूह-खरेदीतली बहुतेक भांडणं एका प्रश्नाने मिटतात: हा खर्च कशामुळे झाला? किमतीमुळे झाला असेल तर किमतीवर वाटा, नगामुळे झाला असेल तर नगावर.

तिसराही प्रकार असतो. पेट्या चार असोत वा चौदा, एका फेरीचं भाडं ठरलेलंच असेल तर तो खर्च घरटी समान वाटावा असं काही जण म्हणतात. मग एक पेटी घेणाऱ्या घरावरही २०० रुपये येतात. हे योग्य की अयोग्य, ते ठरवायला एक कसोटी आहे: तेच घर एकटं असतं तर त्याला काय पडलं असतं? एका पेटीचं कुरिअर २५० रुपयांना पडत असेल तर २०० देऊनही त्यांचा फायदाच आहे. तोच वाटा ३०० वर गेला तर त्या घराने शेजारधर्म म्हणून जास्त पैसे द्यावेत, ही अपेक्षा चूक आहे. एकत्र आल्यामुळे कुणालाही एकट्यापेक्षा महाग पडता कामा नये.

आता या उदाहरणातली सर्वांत कळीची जागा. ऑर्डर पक्की व्हायच्या आदल्या रात्री चारशे चारचा निरोप येतो, ‘आम्ही गावाला चाललोय, आमची पेटी नको.’ पेट्या नऊ उरतात, म्हणजे दहाची अट मोडते आणि सगळी सूट जाते. इतर चार घरांचा माल ३३,००० रुपयांचा होता. सुटीसह त्यांना तो २९,७०० ला पडणार होता; आता पूर्ण ३३,००० द्यावे लागणार. एका घराने पाऊल मागे घेतलं आणि उरलेल्यांना ३,३०० रुपयांचा फटका बसला.

इथे घाईने नऊ पेट्यांची ऑर्डर देणं हीच मोठी चूक. सुटीशिवाय नऊ पेट्या ३३,००० ला, तर सुटीसह दहा पेट्या ३३,३०० ला. म्हणजे चारशे चारने नाकारलेली ४८ मोठ्या फळांची दहावी पेटी उरलेल्या चौघांना फक्त तीनशे रुपये जादा आणि शंभर रुपये भाडं एवढ्यातच पडते. ती घ्यायची आणि चौघांत वाटून टाकायची. विशिष्ट संख्येवर किंवा रकमेवर सूट असेल तिथे कुणी गळालं की आधी असा हिशेब मांडून बघावा. कित्येकदा रिकामी जागा भरून काढणं सूट सोडण्यापेक्षा स्वस्त पडतं. तरीही चारशेचा भार इतरांवर का, असं विचारता येतंच. त्यासाठी मुदत आधीच जाहीर करावी. मंगळवारी रात्री नऊपर्यंत नाव काढलं तर काहीही देणं नाही. त्यानंतर एकतर बदली घर आणायचं, नाहीतर इतरांवर आलेला जादा खर्च आपण सोसायचा. सगळी ३,६०० रुपयांची पेटी त्या घराच्या गळ्यात मारायचं कारण उरत नाही, कारण इतरांचं नुकसान तेवढं झालेलंच नसतं.

ज्याच्या नावाने ऑर्डर जाते त्याची बाजू फारशी कुणी बघत नाही. उदाहरणात त्याच्या खात्यातून ३४,३०० रुपये एकदम जातात. कुणी पैसे थकवले, पत्ता चुकला, पेटी फुटली तरी विक्रेत्याशी बोलायचं त्यानेच. म्हणून पैसे आधी गोळा करावेत, यूपीआयच्या शेऱ्यात ‘आंबा २०३’ असं लिहावं आणि विक्रेत्याचं अंतिम बिल सगळ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकावं. कार्डावर रोख कॅशबॅक आला तर तोही सुटीचाच एक प्रकार; तो किमतीच्या प्रमाणात परत द्यावा. रिवॉर्ड पॉइंट मात्र खातेदाराकडे राहू द्यावेत, कारण जोखीम आणि धावपळ त्याची आहे. दोन्ही गोष्टी आधी बोलून ठेवल्या की नंतर कुजबुज होत नाही.

ऑफिसात एक पथ्य जास्तीचं आहे. सहकाऱ्यांची घरगुती खरेदी कंपनीच्या खरेदीखात्यातून, तिच्या जीएसटी क्रमांकावर करू नये. वैयक्तिक वापराच्या वस्तूंवर भरलेल्या कराचं क्रेडिट कंपनीला घेता येत नाही, आणि वर्षअखेरीला ते बिल लेखापालाला निस्तरावं लागतं. ऑर्डर कुणा एकाच्या व्यक्तिगत खात्यातूनच जावी.

माल खराब निघाला की काय करायचं, हे पेट्या उघडतानाच ठरतं. पेट्या आपापल्या घरी नेऊन सवडीने उघडण्याची पद्धत बंद करावी. दहाही पेट्या पार्किंगमध्ये, सगळ्यांसमोर उघडाव्यात. झाकण काढायचं, वरचा पेंढा बाजूला करायचा, खालच्या थरातली फळंही हातात घेऊन बघायची. देठाजवळ काळपट डाग आहे का, बोटाने हलकं दाबल्यावर खड्डा पडतो का, रस पाझरून पेंढा ओला झालाय का. खराब फळं पेटीवरच्या लेबलासकट दिसतील असा फोटो तिथल्या तिथे काढावा. अनेक विक्रेते तक्रारीला चोवीस तासांचीच मुदत देतात, आणि पाच घरांच्या पाच तक्रारी पाच वेळांना गेल्या की त्यातल्या दोन तरी मुदतीबाहेर पडतात.

समजा दोनशे तीनच्या एका मध्यम पेटीत साठापैकी दहा फळं सडकी निघाली. परताव्याचा दर यादीतल्या किमतीवरून नव्हे, तर प्रत्यक्ष भरलेल्या किमतीवरून निघतो. ३,५०० ची पेटी सुटीनंतर ३,१५० ला पडली, म्हणजे फळामागे साडेबावन्न रुपये आणि दहा फळांचे ५२५. विक्रेत्याने फोटो पाहून सहाच फळं मान्य केली आणि ३१५ रुपये परत केले. उरलेले २१० रुपये कुणाचे गेले?

‘ज्याची पेटी त्याचं नशीब’ हे उत्तर न्याय्य नाही. मध्यम फळाच्या सहा पेट्या एकत्र आल्या. त्यांतली कुठली कोणाला द्यायची हे थप्पीतून उचलतानाच ठरलं. दोनशे तीनने ती निवडली नव्हती. म्हणून नुकसान त्याच प्रतीच्या सगळ्या पेट्यांवर पसरावं: २१० भागिले सहा, पेटीमागे पस्तीस रुपये. तीनशे दोनने दोन पेट्यांचे सत्तर द्यावेत, पाचशे एकने पस्तीस. दोनशे तीनने आपल्या तीन पेट्यांचे १०५ स्वतः सोसावेत. मोठ्या फळाची पेटी घेणाऱ्यांचा यात संबंध नाही. मात्र ही सामाईक जबाबदारी पेट्या उघडेपर्यंतचीच. घरी नेल्यावर आढी नीट घातली नाही आणि फळं सुकली, तर तो भार शेजाऱ्यांवर टाकता येत नाही.

हापूसच्या बाबतीत अपवाद साक्याचा. साका पडलेलं फळ बाहेरून निर्दोष दिसतं, वासही येतो. कापल्यावरच आतला गर फिकट, भुसभुशीत आणि आंबट निघतो. पार्किंगमधली कितीही काटेकोर तपासणी ते पकडू शकत नाही, आणि आठवड्याभराने पिकलेलं फळ कापेपर्यंत चोवीस तास केव्हाच उलटलेले असतात. म्हणून साक्याची भरपाई मिळणार का, किती दिवसांपर्यंत आणि कशाच्या पुराव्यावर, हे ऑर्डर देण्याआधी लेखी विचारून घ्यावं. ऑनलाइन विक्रेत्याने परताव्याच्या अटी ग्राहकाला आधी सांगणं २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार बंधनकारक आहे. तक्रार विक्रेत्याकडे मिटली नाही तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. बिल एकशे एकच्या नावावर असलं तरी दोनशे तीनचा हक्क बुडत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात खरेदीदाराच्या संमतीने वस्तू वापरणाराही ग्राहकच मानला आहे. पण बिल आणि पैसे भरल्याचा पुरावा खातेदाराकडे असतो, त्यामुळे तक्रार त्याच्या नावाने गेलेली सोयीची.

परताव्याचे ३१५ रुपये जमा होतात तेही खातेदाराच्याच खात्यात, बहुधा काही दिवसांनी, आंबे निम्मे संपल्यावर. त्याच दिवशी ते दोनशे तीनला पाठवावेत, त्यांच्या शेजाऱ्यांकडून येणारे १०५ त्यात मिळवावेत आणि ग्रुपवर शेवटची ओळ टाकावी: आंबा, दोनशे तीन, ४२० रुपये, हिशेब पूर्ण.